नोकरी जाते आणि राग फ्रीजवर निघतो

आमच्या दादाची चाकणमधली नोकरी गेली तेव्हा पहिले पंधरा दिवस तो गप्प होता, मग हळूहळू घरात सगळ्यात नाक खुपसायला लागला, फ्रीज उघडा कोणी ठेवला, गीझर का चालू, पोरीचं अक्षर असं का. वहिनीने शाळेतून आल्यावर नुसतं "आज कुठून फोन आला का?" विचारलं तरी एकतर खेकसायचा, नाहीतर मोबाइल घेऊन गच्चीवर जायचा.

मानसशास्त्रात अपराधीपणा आणि शरम या वेगळ्या गोष्टी मानतात. अपराधीपणात "माझं हे चुकलं" असं वाटतं, मग माणूस माफी मागतो, चूक सुधारतो. शरमेत "मीच कमी पडलो" असं वाटतं, आणि अख्खा माणूसच नापास असेल तर सुधारणार तरी काय? मग उरतं तोंड लपवणं, नाहीतर दोष समोरच्यावर ढकलणं. मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी 1971 मध्येच लिहिलं होतं की कबूल न केलेली शरम पटकन रागात बदलते. पुढे जून टँगनी यांच्या अभ्यासांतही दिसलं की ज्यांना चटकन शरम वाटते ते इतरांना जास्त दोष देतात, नुसता अपराधीपणा असेल तर तसं होत नाही.

आता शरीराचं बघा. 2004 मध्ये डिकरसन आणि केमेनी यांनी ताणावरचे 208 अभ्यास एकत्र तपासले, त्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सगळ्यात जास्त कधी वाढलं, तर कोणीतरी आपल्याला जोखतंय आणि निकाल आपल्या हातात नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा. नोकरी शोधणं म्हणजे रोज हेच. त्यात घरी आपल्याच माणसाने काळजीने विचारलेला प्रश्नही इंटरव्ह्यूसारखा ऐकू येतो. आणि बाहेर काहीच हातात नसलं की हातातला गीझर आठवतो, घरातली हुकूमशाही तिथून येते असं मला वाटतं.

हे ओळखायचं कसं? वहिनीने दोन आठवडे कॅलेंडरवर खुणा केल्या, भांडणं बहुतेक नकाराचा मेल, हप्त्याची तारीख किंवा काकांचा फोन यानंतर काही तासांतच होत होती. फ्रीजचा संबंधच नव्हता.

पण मारहाण, धमकी, पगार काढून घेणं असलं काही असेल तर ते शरमेच्या खात्यात टाकू नका, महिलांसाठी 181 हेल्पलाइन आहे. आणि दोन आठवडे झोप नाही, कशातच मन नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर डिप्रेशन असू शकतं, 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला लगेच फोन करा.

दादा-वहिनींनी शेवटी एवढंच ठरवलं की नोकरीचा विषय फक्त बुधवारी आणि रविवारी जेवणानंतर वीस मिनिटं, तोही दादाच काढणार, एरवी कोणी विचारायचं नाही. पहिल्या बुधवारी तो पाच मिनिटंच बोलला. तिसऱ्या रविवारी म्हणाला, "खालच्या वॉचमनसमोरून जायची लाज वाटते गं."