शेळी उंचावर का चढते?

पश्चिम इराणमधल्या झाग्रोस डोंगरात गंज दरेह नावाचं जुनं वसतिस्थान आहे, साधारण 10,000 वर्षांपूर्वीचं. तिथल्या उत्खननात मातीच्या काही विटांवर शेळ्यांच्या खुरांचे ठसे मिळाले. विटा ओल्या असताना शेळ्या त्यांच्यावरून चालून गेल्या होत्या. तिथल्या हाडांवरून असं दिसतं की बहुतेक बोकड कोवळ्या वयातच मारले जात आणि माद्या वाढू दिल्या जात. शेळी माणसाळल्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक आहे.

या शेळ्यांचा रानटी पूर्वज, बेझोअर, त्याच भागातल्या कडेकपारींत राहणारा. लांडगा किंवा बिबट्या मागे लागला की सपाटीवर पळून निभाव लागत नाही. जवळचा कडा गाठायचा आणि शिकाऱ्याला पाय ठेवता येणार नाही अशा जागी उभं राहायचं, हाच त्याचा बचाव. माणसाने पुढे निवड केली ती दूध, मांस आणि केसांसाठी. शिंगं बदलली, रंग बदलले. पायाची ठेवण मात्र फारशी बदलली नाही.

खूर उलटा करून पाहिला की ही ठेवण कळते. दोन बोटं, प्रत्येकाच्या कडेला नखासारखी कठीण भिंत आणि आत रबरासारखा मऊ तळवा. कठीण कड दगडाच्या बारीक खाचेत अडकते, मऊ तळवा गुळगुळीत भागाला धरून ठेवतो. दोन्ही बोटं स्वतंत्रपणे फाकत असल्याने वेड्यावाकड्या पृष्ठभागावरही पकड मिळते. खडकाळ भागात ही कड आपोआप झिजते. मऊ जमिनीवर ती वाढत राहते, आत दुमडते आणि त्या घडीत चिखल व शेण अडकून खूर सडतो. अशी शेळी लंगडते, चरताना पुढच्या गुडघ्यांवर बसते आणि उडी मारायचं टाळते. म्हणूनच बंदिस्त शेळ्यांची खुरं दर सहा-आठ आठवड्यांनी तपासून छाटावी लागतात.

झाडावर चढणाऱ्या शेळ्यांची बहुतेक छायाचित्रं नैर्ऋत्य मोरोक्कोतली असतात. तिथलं अर्गान झाड आठ-दहा मीटर वाढतं, पण खोड पिळवटलेलं आणि बुटकं, फांद्या खालूनच फुटलेल्या. शेळीला ती जवळजवळ जिन्यासारखी. जमिनीवरचा चारा वाळून गेला की हिरवा पाला आणि गरदार फळं वरच उरतात. शेळी मुळातच खाली मान घालून गवत चरण्यापेक्षा मान वर करून पाला ओरबाडणारी. मागच्या दोन पायांवर उभी राहून जिथवर तोंड पोचतं तिथवरचं संपलं की ती चढते. फळं पिकण्याच्या काळात काही वनभाग शेळ्यांना बंद ठेवण्याची तिथली जुनी रीत आहे, आगदाल नावाची. त्याशिवाय तेलासाठी बिया उरणार कशा?

त्या बिया लेंडीतून बाहेर पडतात असा समज बराच काळ होता. 2017 मध्ये स्पॅनिश संशोधकांनी दाखवलं की मोठ्या बिया शेळी रवंथ करताना थुंकून टाकते, तेही अनेकदा मूळ झाडापासून दूर. म्हणजे झाड ओरबाडणारी शेळीच त्याचं बीही पसरवते. रस्त्यालगत दिसणारं एक दृश्य मात्र वेगळं: एकेका फांदीवर एकेक शेळी, तासन्‌तास स्तब्ध, तोंड हलत नाही. त्या पर्यटकांच्या पैशांसाठी चढवून ठेवलेल्या असतात. खरोखर चरणारी शेळी एका जागी थांबत नाही.

भिंतीचं कारण वेगळं. इटलीतल्या चिंजिनो धरणाची दगडी भिंत सुमारे 50 मीटर उंच आणि जवळपास उभी. तिथे चढणारे आल्प्समधले आयबेक्स आपल्या शेळीचे जवळचे नातेवाईक. वर खायला काही नाही. ते दगडांच्या सांध्यांवर साचलेले क्षार चाटतात. डोंगरातल्या गवतात सोडियम कमी असतं आणि दूध पाजणाऱ्या मादीला त्याची गरज जास्त. भिंतीवर दिसतात त्या बहुतेक माद्या आणि पिल्लं. प्रौढ नर त्यांच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा. इतक्या अरुंद आधारावर त्याला ते पेलणं अवघड.

उरली दुसऱ्याच्या पाठीवर उभं राहण्याची खोड. उंटावरून शेळ्या हाकणारे आपल्या भाषेत पुष्कळ, इथे शेळीच स्वार होते. करडू जन्मल्यावर काही तासांतच उड्या मारू लागतं, आणि त्याच्या आसपासचा पहिला उंचवटा म्हणजे बसलेली आई. पुढे मेंढी, गाय, गाढव, जे शांत उभं राहील ते चालतं. एक चढलं की दुसरं त्याला ढकलून जागा घेतं. कळपातला दर्जा ठरवण्याचा सराव अशा खेळातच होतो. मोठी शेळी चढते ती बहुधा पाल्यापर्यंत पोचायला. मेंढीची लोकर खुराला धरायला बरी आणि मेंढी सोसतेही. गाभण मेंढीवर किंवा लहान जनावरावर मात्र वजनदार शेळी चढू देऊ नये. गोठ्यात भक्कम ओटा, ओंडके किंवा दगडांचा ढीग ठेवला की पाठी बऱ्याच अंशी मोकळ्या राहतात. फक्त तो कुंपणापासून दूर हवा, नाहीतर शेळी त्यावरूनच पलीकडे उडी टाकते. आणि दाव्याला बांधलेल्या शेळीजवळ चढण्याजोगं काहीच नको: ती पलीकडच्या बाजूला उतरते, दावं अपुरं पडतं आणि गळफास बसतो.