काढा न पिताही उतरणारं बीपी

गेल्या महिन्यात आमच्या भागात एका शिबिराचा फलक लागला होता. बीपी 140 किंवा त्याहून जास्त निघालेल्यांना महिनाभर काढा दिला आणि पुन्हा मोजलं, तेव्हा निम्म्या लोकांचं बीपी 140च्या खाली आलेलं होतं. शेजारच्या काकांनी मला विचारलं, "आकडे खोटे आहेत का?" खोटे असतीलच असं नाही. काढ्याऐवजी साधं पाणी दिलं असतं तरी हे असंच घडलं असतं, आणि का ते गणिताने दाखवता येतं.

रक्तदाब मोजताना जो आकडा येतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे त्या माणसाची नेहमीची पातळी. दुसरी म्हणजे त्या दिवसाचा चढउतार: नीट न झालेली झोप, नुकताच घेतलेला चहा, जिना चढून आल्यावर लगेच बांधलेला पट्टा. हा चढउतार कधी वर नेतो, कधी खाली, आणि पुष्कळदा मोजलं तर तो फिटून जातो.

आता 140ची रेघ ओढू. रोहिणीताईंची नेहमीची पातळी 135 आहे, पण शिबिराच्या दिवशी ती 6ने चढली होती. त्या 141 घेऊन आत आल्या. सुरेशरावांची पातळी 145, पण त्या दिवशी 6ने उतरलेली. ते 139 घेऊन घरी गेले. अशी अदलाबदल सारखीच झाली असती तर काही बिघडलं नसतं. पण लोकांची गर्दी सरासरीच्या आसपास जास्त असते आणि टोकाकडे विरळ होत जाते. म्हणजे 135च्या आसपासची माणसं 145वाल्यांपेक्षा बरीच जास्त. त्यामुळे चुकून आत येणारे चुकून बाहेर राहणाऱ्यांपेक्षा जास्त भरतात. निवडलेल्या गटात त्या दिवशी बीपी चढलेल्यांचाच भरणा होतो. महिन्याने मोजताना तो चढ परत येण्याचं काहीच कारण नसतं. संख्याशास्त्रात याला 'रिग्रेशन टू द मीन' म्हणतात, म्हणजेच सरासरीकडे परतणं.

किती परततं, हे एका कल्पित उदाहरणात बघू. हजार माणसं, सरासरी बीपी 125. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप. माणसामाणसांमधल्या नेहमीच्या पातळीचं ते 12 आणि रोजच्या चढउताराचं 9. विचलनांची थेट बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते: 144 आणि 81 मिळून 225, म्हणजे मोजलेल्या आकड्यांचं विचलन 15. या 225पैकी 144, म्हणजे 64 टक्के, टिकाऊ भाग आहे. 140च्या वर साधारण 160 माणसं निघतील आणि त्यांची सरासरी 148च्या जवळ असेल, एकूण सरासरीपेक्षा 23ने जास्त. या 23चे 64 टक्के म्हणजे सुमारे 15 टिकतात. म्हणून दुसऱ्या खेपेला त्याच माणसांची सरासरी 140वर येते. काहीही न करता 8ची घट! आणि सुमारे निम्मे लोक रेघेच्या खाली. फलकावर नेमकं हेच लिहिलेलं होतं.

ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनला हे 1886मध्ये माणसांच्या उंचीत दिसलं. उंच आईवडिलांची मुलं सरासरीने उंचच, पण आईवडिलांइतकी नाहीत. आणि उलट बाजूने, उंच मुलं निवडली तर त्यांचे आईवडीलही सरासरीकडे झुकलेले. मला हा उलटा धागा फार मोलाचा वाटतो, कारण संशय आल्यावर पडताळायला तोच उपयोगी पडतो. सगळ्या हजार जणांना दोनदा मोजलं असेल, तर दुसऱ्या खेपेला 140च्या वर असलेले निवडा आणि त्यांचे पहिले आकडे काढा. वरच्या उदाहरणात तेही सरासरी 140च भरतात, म्हणजे यांचं बीपी महिन्यात 8ने 'वाढलं'. आणि हजारांची एकूण सरासरी दोन्ही वेळा 125च. शिबिरात मात्र जास्त बीपीवाल्यांनाच परत बोलावलं होतं, त्यामुळे हे तपासण्याची वाटच बंद झाली.

संशोधकाने मग काय करावं? एक उपाय म्हणजे निवड एका मोजणीवर करायची आणि 'आधी'चा आकडा म्हणून दुसऱ्या दिवशीची, नव्याने केलेली मोजणी धरायची. निवडीतून आलेला चढ तिथेच गळून पडतो. तीन वेगवेगळ्या दिवसांच्या सरासरीवर निवड केली तर चढउताराच्या विचलनाचा वर्ग 81वरून 27 होतो, टिकाऊ भाग 84 टक्क्यांवर जातो, आणि घट कमी होते, पण संपत नाही.

खरा भरवशाचा उपाय म्हणजे त्या 160 जणांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला काढा, दुसऱ्याला तशाच चवीचं निरुपद्रवी पेय. ज्यांची औषधं आधीपासून चालू आहेत त्यांची कुणाचीच बंद करायची नाहीत. सरासरीकडे परतणं दोन्ही गटांत सारखंच होणार. काढ्याच्या गटात 9ची घट आणि दुसऱ्यात 8ची, तर काढ्याच्या वाट्याला उरतो 1. तोही 80-80 जणांच्या गटांत निव्वळ योगायोगाने सहज येऊ शकतो.