एका फोटोचे दोन वाचक: उत्पादनाच्या ऑल्ट टेक्स्टची पार्श्वभूमी

मार्क अँड्रीसनने २५ फेब्रुवारी १९९३ रोजी वेबपानात चित्र घालण्यासाठी `IMG` टॅग सुचवला, तेव्हा त्यात फक्त चित्राच्या फाइलचा पत्ता होता. चित्र दिसलंच नाही तर काय, याचा विचार त्यात नव्हता. पण लिंक्ससारख्या ब्राउझरमध्ये नुसता मजकूरच दिसे, आणि लाइन मंद म्हणून कित्येक जण चित्रं बंद ठेवूनच पानं उघडत. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये `ALT` आलं ते चित्राच्या जागी वाचायचा मजकूर म्हणून, आणि तेही ऐच्छिक. डिसेंबर १९९७ च्या ४.० आवृत्तीत ते सक्तीचं झालं. अपंगांनाही वेब वापरता यावं, म्हणजेच वेब सुगम्यतेसाठी, मे १९९९ मध्ये मार्गदर्शक सूचनांची पहिली आवृत्ती निघाली, त्यातला पहिलाच मुद्दा चित्राला पर्यायी मजकूर देण्याचा होता.

इथवर वाचक माणूसच होता. जुलै २००१ मध्ये गूगलचा चित्रशोध सुरू झाला आणि दुसरा वाचक आला. चित्रात काय आहे हे त्या यंत्राला दिसत नव्हतं. फाइलचं नाव, आजूबाजूचा मजकूर आणि ऑल्ट टेक्स्ट यांवरूनच ते अंदाज बांधे. विक्रेत्यांनी हे हेरलं आणि एकाच पिशवीच्या फोटोला ‘बॅग सॅक पाठपिशवी ऑफिस बॅग कॉलेज बॅग बेस्ट बॅग’ अशी माळ लागायला लागली. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ती सहसा दिसतही नसे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, लावून ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक फोटोपाशी ती शब्दन्‌शब्द ऐकावी लागे, आणि एवढं ऐकूनही पिशवी कशी दिसते ते कळत नसे. पुढे गूगलनेही अशा माळा टाळायला सांगितलं, कारण त्या स्पॅम धरल्या जाऊ शकतात.

दुसऱ्या टोकाला मजकूरच नसलेली दुकानं होती. २००६ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने टार्गेट या दुकानसाखळीवर खटला भरला. तिच्या संकेतस्थळावरच्या चित्रांना ऑल्ट टेक्स्ट नाही, ही त्यातली एक ठळक तक्रार होती. ऑगस्ट २००८ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने नुकसानभरपाईसाठी ६० लाख डॉलर बाजूला काढले.

त्यानंतर रिकाम्या जागा भरल्या गेल्या, पण बऱ्याचदा त्या सॉफ्टवेअरने भरल्या. उत्पादनाचं नाव उचलायचं आणि सगळ्या फोटोंना तेच चिकटवायचं, ही सवय माझ्या मते आजचा सगळ्यात मोठा दोष आहे. तपासणीच्या साधनाला ऑल्ट टेक्स्ट सापडतं, म्हणून ते पान पास करतं. ऐकणारा मात्र ‘निळी पाठपिशवी, २० लिटर’ हे पाच वेळा ऐकतो, आणि चित्रशोधालाही त्या मजकुरावरून पाच फोटोंमधला फरक कळत नाही. दोघांचंही नुकसान एकच आहे, म्हणून उपायही एकच: त्या फोटोत जे दिसतं तेच लिहायचं.

```html
<img src="nili-pathpishavi-samor.jpg"
 alt="निळी पाठपिशवी समोरून, खाली चेनचा आडवा कप्पा">
<img src="nili-pathpishavi-aat.jpg"
 alt="उघडलेली पाठपिशवी, आत लॅपटॉपचा वेगळा कप्पा">
```

‘पाठपिशवी’, ‘निळी’, ‘लॅपटॉपचा कप्पा’ हे शोधात टाकले जाणारे शब्द इथे आपोआप आले, कारण ते वस्तूचंच वर्णन आहे. वजन किंवा कापडाचा प्रकार फोटोत दिसत नाही, म्हणून तो खालच्या वर्णनात जातो. तिथे तो दोघांनाही सापडतो.

एका ठिकाणी मात्र दोघांची गरज वेगळी वाटते: उत्पादनांच्या यादीत. तिथे फोटो आणि नाव एकाच लिंकमध्ये असतात. फोटोलाही तेच नाव दिलं की ते लागोपाठ दोनदा ऐकू येतं. अशा वेळी `alt=""` ठेवावं. `alt` अजिबात गाळू नये, कारण मग काही स्क्रीन रीडर फाइलचं नावच वाचून दाखवतात. शोधासाठी लागणारं वर्णन उत्पादनाच्या स्वतंत्र पानावर असतंच.

हे सगळं कानांनी तपासता येतं. २००६ पासून मोफत मिळणाऱ्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये `G` दाबलं की एका चित्रावरून पुढच्या चित्रावर जाता येतं. पिशवीच्या पानावर पाचही फोटो ऐका, मग रंग लाल निवडा आणि पुन्हा ऐका. बऱ्याच दुकानांत रंग बदलला की स्क्रिप्ट `src` बदलते, पण `alt` तसंच राहतं. पडद्यावर लाल पिशवी असते आणि कानात ‘निळी पाठपिशवी’ ऐकू येते. आपली निवड लागू झालीच नाही असं वाटून ऐकणारा पुन्हा मागे जाऊन रंग शोधू लागतो.