कृत्रिम श्वसन (अतिदक्षता विभागातील)

कृत्रिम श्वसन म्हणजे रुग्णाचा श्वास अपुरा पडत असताना यंत्राच्या दाबाने फुप्फुसांत हवा भरण्याची पद्धत. या यंत्राला व्हेंटिलेटर म्हणतात. व्हेंटिलेटर फुप्फुसाचा आजार बरा करत नाही. मूळ रोगावरील उपचार लागू पडेपर्यंत तो श्वासाचे काम स्वतःकडे घेतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने रबरी पिशव्या दाबत रुग्णांना श्वास दिला. बाहेरून दाब देऊन हवा आत ढकलण्याच्या या पद्धतीचा प्रसार तेथून झाला.

नैसर्गिक श्वासात छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. यंत्राच्या श्वासात हवा आत ढकलली जाते. म्हणून जास्त दाब किंवा जास्त हवा दिल्यास यंत्रच फुप्फुसाला इजा करू शकते, आणि पुढचे बहुतेक निर्णय ही इजा टाळण्यासाठी असतात.

यंत्र चालवण्याच्या पद्धतीला मोड म्हणतात. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये प्रत्येक श्वासाची हवा ठरलेली असते आणि त्यासाठी लागणारा दाब फुप्फुसाच्या ताठरपणावर अवलंबून राहतो. प्रेशर कंट्रोलमध्ये दाब ठरलेला असतो आणि आत जाणारी हवा कमीजास्त होते. यांपैकी एक मोड दुसऱ्यापेक्षा ठामपणे सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. विभागातील कर्मचाऱ्यांचा हात ज्यावर बसला आहे तो वापरावा, हे व्यवहारात शहाणपणाचे ठरते. प्रेशर सपोर्टमध्ये श्वास रुग्ण स्वतः सुरू करतो आणि यंत्र त्याला केवळ हातभार लावते.

समजा, न्यूमोनियामुळे दोन्ही फुप्फुसे ताठर झालेली, १५५ सेंटिमीटर उंचीची आणि ७८ किलो वजनाची एक स्त्री यंत्रावर आहे. तिला प्रतिश्वास किती हवा द्यायची हे वजनावर नव्हे, तर उंचीवर ठरते, कारण वजन वाढले तरी फुप्फुसे मोठी होत नाहीत. स्त्रियांसाठी अपेक्षित वजन ४५.५ + ०.९१ × (सेंटिमीटरमधील उंची − १५२.४) असे काढतात, पुरुषांसाठी ४५.५ ऐवजी ५० धरतात. येथे उत्तर सुमारे ४८ किलो येते. किलोमागे ६ मिलिलिटर धरल्यास एका श्वासाला सुमारे २९० मिलिलिटर हवा लागेल. काट्यावरचे ७८ किलो धरले असते, तर हाच आकडा ४७० च्या आसपास गेला असता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत अशा ताठर फुप्फुसांना किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० वरून ३१ टक्क्यांवर आले होते.

श्वास लहान ठेवल्याने कार्बन डायऑक्साइड साचू नये म्हणून मिनिटाला २२ श्वास लावले. ऑक्सिजन ६० टक्के ठेवला आणि श्वास सोडल्यावरही वायुकोश मिटू नयेत म्हणून पीप, म्हणजे श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसांत राखलेला दाब, १० सेंटिमीटर पाण्याइतका. श्वास आत गेल्यावर हवा क्षणभर अडवून मोजलेला प्लॅटो दाब २४ आला. तो ३० च्या आत असावा लागतो. पुढे यंत्राचा गजर वाजला आणि शिखरदाब ४५ दिसला, तर प्लॅटो पुन्हा मोजतात. तो २४ च राहिला असेल, तर अडथळा वाटेत आहे : श्वासनलिकेत घातलेल्या नळीत कफ, दातांखाली दबलेली नळी किंवा आकसलेल्या श्वासवाहिन्या. तोही वाढला असेल, तर दोष छातीच्या आत शोधावा लागतो, उदाहरणार्थ नळी एकाच फुप्फुसात सरकणे किंवा फुप्फुसाभोवती हवा साठणे. फुप्फुसाभोवती साठलेली हवा मिनिटांत जिवावर बेतू शकते.

यंत्र सोडवण्याच्या प्रक्रियेला वीनिंग म्हणतात. मूळ आजार ओसरू लागला, ऑक्सिजन ४० टक्क्यांवर व पीप ५ ते ८ वर आला, रक्तदाब स्थिर राहिला आणि रुग्ण जागा होऊन सूचना पाळू लागला की रोज एकदा स्वश्वसनाची चाचणी घेतात. आधार अगदी कमी करून रुग्णाला ३० मिनिटे ते २ तास श्वास घेऊ देतात. वरील रुग्णेचा सहाव्या दिवशी, आधार काढल्यावर, श्वासांचा दर मिनिटाला ३२ आणि एका श्वासाची हवा ०.२५ लिटर होती, भागाकार १२८. हा निर्देशांक १०५ च्या वर गेला की श्वास उथळ व घाईचा समजतात, आणि अर्ध्या तासात तिला घाम फुटून मानेचे स्नायू ओढले जाऊ लागले. चाचणी थांबवून तिला पुन्हा पुरेसा आधार दिला. अशा वेळी अपयशाचे कारण शोधतात. येथे ते शरीरात साठलेले जादा पाणी निघाले आणि लघवी वाढवणाऱ्या औषधाने ते कमी केले. दुसऱ्या दिवशी दर २२ व हवा ०.३४ लिटर, म्हणजे सुमारे ६५, आणि चाचणी शांतपणे पार पडली.

तथापि चाचणी पार पडणे आणि नळी काढता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीतून श्वासाची ताकद कळते, घसा मोकळा राहील की नाही ते कळत नाही. म्हणून खोकला जोरकस आहे का, कफ किती वेळा ओढावा लागतो, आणि नळीचा फुगा सैल केल्यावर बाजूने हवा निसटते का, हे वेगळे पाहतात. हवा अजिबात निसटत नसेल, तर स्वरयंत्राजवळ सूज असल्याचा संशय घेऊन नळी काढण्यापूर्वी काही तास स्टेरॉइड देतात. हे सर्व पाहूनही काही रुग्णांना पहिल्या दोन-तीन दिवसांत पुन्हा नळी घालावी लागते, त्यामुळे नळी काढल्यावरही तिची सामग्री खाटेजवळच ठेवलेली असते.