नागपूर करार : मराठवाड्याच्या वाट्याला आलेलं एक वाक्य

मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, असं आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं. अनुशेषाचा विषय निघाला की हेच वाक्य आपल्यावर उलटतं. अट घातलीच नव्हती, मग मागता काय? उत्तर हवं असेल तर २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार उघडावा लागतो.

त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, विदर्भ मध्य प्रदेशात आणि बाकीचा मराठी मुलूख मुंबई राज्यात. मराठी मुलखाचं एकच राज्य व्हावं म्हणून तिन्हीकडचे नेते एकत्र बसले. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे ही मंडळी त्यात होती. विदर्भाला मुंबईकडे सत्ता जाण्याची भीती होती, म्हणून त्यांनी बारकाईनं लिहून घेतलं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपूरला हवं, दरवर्षी ठरावीक काळ सरकार तिथं हलायला हवं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथं व्हायला हवं. निधी, नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणातल्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, हे सगळ्यांसाठी होतं. मराठवाड्यासाठी वेगळं असं एवढंच, की हा भाग अविकसित असल्यानं त्याच्या सर्वांगीण विकासाकडे विशेष लक्ष द्यावं आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा.

पुढे परिस्थिती बदलली. १९५६ साली मराठी राज्य झालंच नाही, झालं ते गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य. ज्या राज्यासाठी करार केला तेच अस्तित्वात आलं नाही, तेव्हा करारही संपला, असं म्हणायला जागा होती. शिवाय तो नेत्यांचा आपसातला समझोता, कोर्टात चालणारा दस्त नव्हे. पण १९६० साली महाराष्ट्र झाला आणि मुख्यमंत्री यशवंतरावांनी विधानसभेत ही आश्वासनं पुन्हा दिली. माझ्या मते या वादातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. परिस्थिती कशी बदलली हे पुरतं ठाऊक असताना दिलेल्या शब्दाला, तो देताना ही कल्पना नव्हती, अशी पळवाट उरत नाही.

तरी कुठला शब्द टिकला ते पाहा. नागपूरचं अधिवेशन कोविडची वर्षं सोडली तर जवळपास नेमानं भरत आलं. ते भरलं नाही तर शेंबड्या पोरालाही कळतं. ‘विशेष लक्ष’ दिलं की नाही, हे मोजायचं कशानं? औरंगाबादचं खंडपीठ तर करारात नव्हतंच. त्यासाठी वेगळं झगडावं लागलं, ते १९८१ साली सुरू झालं आणि त्याला दिलेलं आव्हान १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं.

मोजमाप पहिल्यांदा नीट झालं ते दांडेकर समितीत, म्हणजे कराराला तीस वर्षं झाल्यावर. पद्धत साधी होती. सिंचन, रस्ते, शाळा, वीज अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते बघायचं आणि ती तूट भरायला किती पैसा लागेल ते मांडायचं. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी निघाला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. पुढच्या समितीनं १९९४ ची स्थिती धरून मोजलं तेव्हा मराठवाड्याचाच आकडा सुमारे ४,००५ कोटींवर गेला होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून अनुशेष पाचपट झाला असं भाषणात ठोकून देतात, ते बरोबर नाही. मधल्या काळात बांधकामाचे दर वाढले आणि राज्याची सरासरीही वर सरकली. पण यातच खरी गोम आहे. उशिरा पाळलेला शब्द मूळ किमतीत पाळता येत नाही. १९८४ साली जेवढ्या पैशात एखादा कालवा झाला असता, तेवढ्यात दहा वर्षांनी त्याचा तुकडाच होतो. शिवाय मधली दहा वर्षं ते रान कोरडवाहूच राहतं.

घटनेतला आधार १९५६ पासून होता. कलम ३७१(२) नुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं नेमून समान निधीवाटपाची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. कामकाजाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा, ही करारातली गोष्ट तिथंही आहे. मात्र ते कलम राष्ट्रपतींना अधिकार देतं, सक्ती करत नाही. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं मंडळांची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, १९८४ साली विधिमंडळानं ठराव केला आणि राष्ट्रपतींचा आदेश निघाला तो १९९४ साली. मंडळांना दिलेली मुदत अनेकदा वाढवली गेली. ३० एप्रिल २०२० ला ती संपली, तेव्हा मात्र वाढ मिळाली नाही. कलम रद्द झालेलं नाही. मंडळं नाहीत, म्हणून वर्षाला सभागृहात ठेवायचा त्यांचा अहवालही नाही.