बारा टक्क्यांचे दोन अर्थ

कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी सुरू करायची ठरवली, तेव्हा तिच्यासमोर दोन कॅल्क्युलेटर होते. दोन्हींत वार्षिक परतावा १२ टक्के आणि मुदत २० वर्षं भरली. एकाने ९९ लाख ९१ हजार दाखवले, दुसऱ्याने साधारण ९२ लाख. भरायची रक्कम दोन्हीकडे २४ लाखच.

फरक पडतो तो महिन्याचा दर काढताना. पहिला कॅल्क्युलेटर १२ ला १२ ने भागतो आणि महिना १ टक्का धरतो. पण दरमहा १ टक्का चक्रवाढीने वाढलेले १०० रुपये वर्षाअखेर ११२ नव्हे, ११२.६८ होतात. म्हणजे आपण १२ म्हणतो आणि तो १२.६८ टक्क्यांनी हिशेब करतो. फंडाच्या माहितीपत्रकात एका वर्षाहून जास्त मुदतीचा परतावा चक्रवाढ वार्षिक दराने दिलेला असतो. तोच आकडा गृहीत धरायचा, तर १.१२ चं बारावं मूळ काढावं लागतं. ते १.००९४९ येतं, म्हणजे महिन्याला ०.९४९ टक्के. माझ्या मते हाच हिशेब बरोबर. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला जातो असं धरून एक्सेलमध्ये तो असा मांडतात:

```
=FV((1+12%)^(1/12)-1,240,-10000,0,1)
```

तुमचा कॅल्क्युलेटर कोणत्या जातीचा, हे वरचेच आकडे भरून लगेच कळेल.

सूत्र बरोबर असलं तरी त्यात एक मोठं गृहीतक दडलेलं असतं: दरवर्षी परतावा सारखाच मिळणार. बाजार तसा चालत नाही, आणि वाईट वर्ष कधी येतं याने फार फरक पडतो. समजा, २० पैकी एका वर्षी फंड २० टक्के पडला आणि उरलेली १९ वर्षं त्याने नेमके १२ टक्के दिले. पडझड पहिल्याच वर्षी झाली, तर शेवटी साधारण ९० लाख हाती येतात, कारण तेव्हा खात्यात जेमतेम लाखभरच असतात. तीच पडझड विसाव्या वर्षी आली, तर हातात ६६ लाखच उरतात. एकोणीस वर्षांत साठलेल्या ८१ लाखांना तिचा फटका बसतो. एकरकमी गुंतवणुकीत वर्षांचा क्रम बदलला तरी शेवटची रक्कम तीच राहते. एसआयपीत ती बदलते.

म्हणून बरेच जण गरजेच्या दोन-तीन वर्षं आधी पैसे डेट फंडात हलवतात. मात्र मग अंदाजही तसाच करायला हवा. बहिणीच्या हिशेबात आम्ही पहिली १७ वर्षं १२ टक्के धरले. त्यानंतर सगळी जमा आणि पुढचे हप्ते डेट फंडात जातील असं मानून शेवटच्या तीन वर्षांना ७ टक्के लावले. उत्तर साधारण साडेऐंशी लाख आलं, तेही कर वजा न करता. मुलीच्या शिक्षणाच्या तक्त्यात तिने हाच आकडा लिहिला.