पार्श्वभूमी : तेवीस किल्ले गेले म्हणजे नेमकं काय गेलं?

गिरिदुर्गांवरच्या सादरीकरणात संरक्षण, कारभार आणि व्यापार असे तीन वेगळे कप्पे करण्याचा मोह होतो. मला वाटतं, त्याऐवजी १६६५ चा पुरंदरचा तह समोर ठेवावा. त्यात हे तिन्ही धागे एकत्र गुंतलेले दिसतात.

त्या वर्षी मिर्झाराजे जयसिंह आणि दिलेरखानाने पुरंदरला वेढा दिला. पुरंदर अवघड खरा, पण त्याला लागूनच वज्रगड आहे; दोन्ही डोंगर एका खिंडीने जोडलेले. एप्रिलच्या मध्यावर वज्रगड पडला आणि मोगलांच्या तोफा तिथून पुरंदरच्या माचीवर धडाडू लागल्या. किल्ला नुसता उंच असून भागत नाही, शेजारचा डोंगरही हाती असावा लागतो. पुढे मुरारबाजी देशपांडे पडले, तरी गड झुंजत राहिला. जूनमध्ये तह झाला.

तहाची कलमं पाहा. शिवाजी महाराजांनी २३ किल्ले आणि त्यांच्याखालचा ४ लाख होनांचा मुलूख द्यायचा. त्यांच्याकडे राजगडासह १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख राहायचा. किल्ला आणि वसूल यांची मोजणी एकत्रच झाली, कारण गड ज्याचा, त्याच्या पायथ्याच्या गावांचा सारा त्याचा. हिशेब केला तर दिलेल्या किल्ल्यामागे सरासरी १७ हजार होन येतात, राखलेल्यामागे ८ हजारांच्या आसपास. राजगड, तोरणा, रायगड ही डोंगराळ गाभ्यातली ठाणी वाचली. गेलेल्यांत मात्र बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवणारा लोहगड, पनवेलकडच्या रस्त्यावरचा कर्नाळा आणि कल्याणहून थळघाटाकडे जाणाऱ्या वाटेजवळचा माहुली होता. बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटांनी देशावर चढायचा.

गड फितुरीने जाऊ नये म्हणून महाराजांनी गडाचा कारभार एकाच्या हाती दिला नव्हता. किल्ल्या आणि हुकूम हवालदाराकडे, हजेरी आणि जमाखर्च सबनीसाकडे, धान्य-दारूगोळ्याचं कोठार कारखानिसाकडे. हे तिघे वेगवेगळ्या जातींचे नेमले जात. एकाने फितूर व्हायचं ठरवलं तरी उरलेल्या दोघांना डावलून गड देणं कठीण. गड लढवता येण्यामागे हीच रोजची लिखापढी होती. कोठारात काय शिल्लक आहे हे ठाऊक नसलेला गड वेढ्यात टिकत नाही.

१६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा आणि मार्चमध्ये पुरंदर परत आला. पुढच्याच वर्षी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला मिठाबद्दल पत्र लिहिलं: पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त पडून स्वराज्यातलं मीठ मार खातं, तेव्हा त्यावर जबर जकात बसवा. अशी जकात खरोखर हाती यायची तर वाटेवर चौकी लागते आणि चौकीच्या पाठीशी जवळच्या गडावरची शिबंदी.